ऑर्डरच्या एकाच गोंधळलेल्या शीटमधून पाच टेबलं: पहिला, दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म, क्रमाने

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या घरगुती व्यवसायाची शीट मी गेली काही वर्षं आवरून देतो आहे. एका ओळीत ग्राहक, फोन, विभाग, डिलिव्हरी चार्ज आणि त्याच ओळीतल्या एका खणात सगळा माल. बरेच जण ती फोडायला बसतात तेव्हा सुरुवातच ‘ग्राहकांचं टेबल वेगळं काढू’ इथून करतात आणि मग बेरजा जुळत नाहीत. चूक टेबलं काढण्यात नसते, क्रमात असते. म्हणून इथे नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं फोडण्याचे नियम, योग्य क्रमाने एका छोट्या उदाहरणावर शेवटपर्यंत करून दाखवतो.

आपली शीट अशी आहे (तीनच ऑर्डरी घेतल्या आहेत, फोनचा कॉलम जागेसाठी इथे छापलेला नाही, प्रत्यक्षात तो सगळ्यात शेवटी आहे असं समजा):

```
A    | B          | C         | D       | E  | F                            | G
क्र. | तारीख      | ग्राहक    | विभाग   | डि.| माल                          | एकूण
101  | 12/10/2025 | देशपांडे  | कोथरूड  | 40 | चकली अर्धा 2, चिवडा अर्धा 1  | 740
102  | 13/10/2025 | कऱ्हाडकर  | हडपसर   | 80 | अनारसे पाव 1, चकली अर्धा 1   | 560
103  | 16/10/2025 | देशपांडे  | कोथरूड  | 40 | चकली अर्धा 3                 | 880
```

दर शीटमध्ये नाहीत, मालकीणबाईंच्या वहीत आहेत: चकली अर्धा किलो २६० रुपये, चिवडा अर्धा किलो १८०, अनारसे पाव किलो २२०. तेल-डाळ महागल्यामुळे १५ ऑक्टोबरपासून चकली २८० झाली. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवती फिरणार आहे.

## टप्पा ०: फोडण्याआधीची सफाई

मूळ शीटची प्रत काढा, मूळ शीट लॉक करा आणि प्रतीवरच काम करा. मग एका कागदावर तीन आकडे लिहून ठेवा: ऑर्डरी किती (३), ‘एकूण’ची बेरीज किती (२१८०), डिलिव्हरीची बेरीज किती (१६०). फोडाफोड झाल्यावर हेच आकडे पुन्हा यायला हवेत. आधी लिहून ठेवले नाहीत, तर नंतर चूक आपली की मुळातली हे सांगता येत नाही.

सफाईत चार गोष्टी हमखास निघतात.

रंग. ‘पिवळी ओळ म्हणजे पैसे आले’ ही माहिती रंगात असते आणि कॉपी करताना, फॉर्म्युल्यातून किंवा CSV मधून ती हरवते. रंगाने फिल्टर लावा, ‘पैसे आले’ असा नवा कॉलम करून त्यात हो/नाही लिहा आणि मगच पुढे जा. जोडलेले खण म्हणजे मर्ज केलेले सेलही इथेच सोडवा आणि रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक ओळीत ती किंमत भरा.

तारीख. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल, तर 12/10/2025 ही १० डिसेंबर होते आणि 13/10/2025 मात्र मजकूर म्हणून पडून राहते, कारण तेरावा महिना नाही. पहिली चूक दिसतसुद्धा नाही, म्हणून तीच जास्त घातक. आधी लोकेल भारताचं करा, मग खालची तपासणी लावा. उत्तर `10` आलं तर तारीख ठीक आहे.

```
=IF(ISNUMBER(B2),MONTH(B2),"मजकूर")
```

अंक. ‘चकली अर्धा २’ आणि ‘चकली अर्धा 2’ माणसाला सारखंच. पण पुढे वापरणार असलेला `\d` फक्त 0 ते 9 ओळखतो, देवनागरी अंक त्याला दिसत नाहीत. शोधा-आणि-बदला वापरून सगळे अंक एकाच लिपीत आणा.

दिसायला सारखी नावं. हे आपल्या लिपीचं खास दुखणं आहे. ‘कऱ्हाडकर’मधला रफार-वजा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक न दिसणारी खूण घालतात. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असू शकतात आणि ग्राहकांच्या यादीत एकच बाई दोनदा येते.

```
=LEN(C2)
```

पहिल्या प्रकारच्या ‘कऱ्हाडकर’ला इथे ८ येतात, दुसऱ्याला ९. एकाच नावाच्या दोन लांब्या दिसल्या की ते नाव एकदा टाइप करून सगळीकडे तेच चिकटवा. शेवटी राहिलेली जादा स्पेसही लांबी वाढवते, ती `TRIM` ने जाते.

## टप्पा १: पहिला नॉर्मल फॉर्म, म्हणजे एका खणात एकच गोष्ट

अडचण माल कॉलममध्ये आहे. ‘चकली अर्धा 2, चिवडा अर्धा 1’ या एका खणात दोन माल, दोन वजनं आणि दोन नग आहेत. ‘चकलीची किती पाकिटं लागणार?’ हा भट्टी लावण्याआधीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि ही शीट त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

इथे खूप जण माल१, माल२, माल३ असे कॉलम आडवे वाढवतात. त्याने काही सुटत नाही. चकली कधी माल१ मध्ये सापडेल, कधी माल३ मध्ये, आणि चौथा माल मागणारा ग्राहक आला की शीटच बदलावी लागेल. माल उभा उतरायला हवा: एका ऑर्डरीतला एक माल, एक ओळ.

त्याआधी ओळी किती व्हायला हव्यात ते मोजा. प्रत्येक खणातले स्वल्पविराम अधिक ऑर्डरींची संख्या:

```
=SUMPRODUCT(LEN(F2:F4)-LEN(SUBSTITUTE(F2:F4,",","")))+ROWS(F2:F4)
```

आपल्याकडे २ + ३ = ५. आता गूगल शीट्समध्ये एका नव्या शीटवर, A2 पासून हे सगळं एका फॉर्म्युल्यात उतरतं (सफाई केलेल्या शीटचं नाव Saaf धरलं आहे):

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(Saaf!A2:A4&"|"&SPLIT(Saaf!F2:F4,",")),"|"))
```

ज्या ऑर्डरीत माल कमी असतो तिथे दुसरा खण रिकामा असलेली ओळ येते. आपल्याकडे १०३ ची एक येईल. निकाल ‘फक्त किमती’ म्हणून दुसरीकडे चिकटवा आणि मग तशा ओळी काढा. एक्सेल वापरत असाल, तर पॉवर क्वेरीमध्ये Split Column, By Delimiter, Advanced options मधलं Split into Rows निवडा. तिथे रिकाम्या ओळी येत नाहीत.

नग वेगळे काढायला:

```
=VALUE(REGEXEXTRACT(TRIM(B2),"\d+$"))
```

इशारा. ‘चकली अर्धा 2, तिखट कमी’ असं लिहिलेलं असेल, तर ‘तिखट कमी’ हा वेगळा माल होऊन बसतो आणि त्या ओळीवर वरचा फॉर्म्युला त्रुटी दाखवतो. ती त्रुटी `IFERROR` ने झाकू नका, नेमकी तीच तुम्हाला हवी आहे. सूचना उचलून ‘टीप’ या कॉलममध्ये टाका आणि मोजलेल्या ओळींतून ती एक वजा करा.

आता मालाची नावं. शेवटचा नग गाळला की नाव उरतं: `=TRIM(REGEXREPLACE(TRIM(B2),"\d+$",""))`. ‘चकली अर्धा’, ‘चकल्या 1/2’, ‘भाजणी चकली ½ कि.’ असं काहीही लिहिलेलं असतं. एकामागून एक शोधा-आणि-बदला करत बसू नका, कुठे काय बदललं ते नंतर कळत नाही. `UNIQUE` ने सगळ्या वेगवेगळ्या नावांची यादी काढा, शेजारच्या कॉलममध्ये हाताने कोड लिहा (CHK500, CHV500, ANR250) आणि `XLOOKUP` ने तो कोड ओळींमध्ये आणा. कोणती दोन नावं एकाच मालाची हे शीटला विचारू नका, करणाऱ्या माणसाला विचारा. मी एकदा ‘चकली’ आणि ‘तांदळाची चकली’ एकच समजून जोडून टाकली होती. दोन्हींचा दरही वेगळा होता आणि पीठही.

दर वहीतून भरा, त्या त्या तारखेचा. पहिल्या टप्प्याअखेर हे तयार होतं:

```
क्र. | तारीख | ग्राहक    | विभाग   | डि.| माल    | मालाचं नाव     | नग | दर
101  | 12/10 | देशपांडे  | कोथरूड  | 40 | CHK500 | चकली 500 ग्रॅ.   | 2  | 260
101  | 12/10 | देशपांडे  | कोथरूड  | 40 | CHV500 | चिवडा 500 ग्रॅ.  | 1  | 180
102  | 13/10 | कऱ्हाडकर  | हडपसर   | 80 | ANR250 | अनारसे 250 ग्रॅ. | 1  | 220
102  | 13/10 | कऱ्हाडकर  | हडपसर   | 80 | CHK500 | चकली 500 ग्रॅ.   | 1  | 260
103  | 16/10 | देशपांडे  | कोथरूड  | 40 | CHK500 | चकली 500 ग्रॅ.   | 3  | 280
```

तपासणी. ओळी ५ आहेत ना? नग गुणिले दर यांची बेरीज २०२० येते, त्यात डिलिव्हरीचे १६० मिळवले की २१८०. जमलं. पण आता डि. कॉलमची सरळ बेरीज करून बघा: २८० येते! ऑर्डर दोन ओळींत पसरली की तिचा डिलिव्हरी चार्जही दोनदा आला. ‘नॉर्मलायझेशन केल्यावर हिशोब चुकला’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण नेमके इथे थांबलेले असतात. पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर शीट पूर्वीपेक्षा जास्त फुगलेली दिसणं हे बरोबरच आहे. तशीच वापरायला घेऊ नका.

## मधला टप्पा: की ठरवा आणि प्रश्न विचारा

दुसऱ्या नॉर्मल फॉर्मकडे जाण्याआधी एक ओळ नेमकी कशाने ओळखली जाते ते ठरवायला हवं. एकट्या ऑर्डर क्रमांकाने नाही, १०१ दोनदा आहे. एकट्या माल कोडनेही नाही. दोन्ही मिळून मात्र ओळ एकच सापडते. हीच की: (ऑर्डर क्र., माल कोड). खरोखर तसं आहे का, ते फॉर्म्युल्याने बघा. एक कॉलम घालून हे खाली ओढा, सगळीकडे १ यायला हवा:

```
=COUNTIFS(A:A,A2,F:F,F2)
```

कुठे २ आला, तर एकाच ऑर्डरीत तोच माल दोनदा आहे. चुकून दोनदा लिहिला असेल तर नग एकत्र करा. पण ‘एक पाकीट घरी, एक भेटीसाठी वेगळं बांधून’ असं असेल तर दोन्ही ओळी खऱ्या आहेत. मग कीमध्ये कोडऐवजी ओळ क्रमांक घ्यावा लागेल.

आता प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारायचा: काय कळलं की याची किंमत एकच ठरते? उत्तरं कागदावर लिहा. माझ्या मते पूर्ण कामातली महत्त्वाची पंधरा मिनिटं हीच, आणि हीच बहुतेक जण गाळतात.

शीटमधली माहिती इथे अर्धीच मदत करते. पिव्हट टेबलमध्ये माल कोड ओळींना लावा आणि दराचा COUNTUNIQUE घ्या. चकलीपुढे २ दिसेल. म्हणजे मालावरून दर ठरत नाही हे सिद्ध झालं. चिवड्यापुढे १ दिसेल, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही, त्याचा दर अजून बदलला नाही एवढंच. शीट एखादं नातं खोटं ठरवू शकते, खरं ठरवू शकत नाही. ते व्यवसाय करणाऱ्यालाच माहीत असतं.

म्हणून मी मालकीणबाईंना विचारलं, “देशपांडे काकूंच्या दोन्ही ऑर्डरी कोथरूडच्या. मग ग्राहक कळला की विभाग कळतो, असं धरू?”

“छे, त्या दरवर्षी एक डबा लेकीकडे हडपसरला पाठवायला सांगतात. यंदाचा अजून यायचाय.”

या एका उत्तराने विभाग हा कॉलम ग्राहकाकडून ऑर्डरीकडे गेला. तीन ओळींच्या शीटकडे कितीही वेळ बघत बसलो असतो तरी हे कळलं नसतं.

## टप्पा २: दुसरा नॉर्मल फॉर्म, म्हणजे अर्ध्या कीवर लटकलेलं काढा

की दोन भागांची आहे. जो कॉलम तिच्या एकाच भागावरून ठरतो, तो या टेबलात राहायला नको.

तारीख, ग्राहक, फोन, विभाग आणि डि. हे फक्त ऑर्डर क्रमांकावरून ठरतात. ते ऑर्डर टेबलात जातील, प्रत्येक ऑर्डरीची एक ओळ. मालाचं नाव आणि वजन फक्त कोडवरून ठरतं, ते माल टेबलात. नग ठरायला दोन्ही लागतात, म्हणून तो जागेवर राहतो.

आणि दर? इथेच सगळ्यात महाग चूक होते. ‘दर तर मालाचा असतो’ असं म्हणून तो माल टेबलात हलवला जातो आणि ओळींमधून पुसला जातो. करून बघा: माल टेबलात चकलीपुढे आजचा २८० आला की १०१ ची रक्कम ७४० ऐवजी ७८० होते आणि १०२ ची ५६० ऐवजी ५८०. पैसे घेऊन झालेल्या दोन बिलांवर साठ रुपये येणं दिसू लागतं. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. दोन ग्राहकांना उगाच बाकीचा निरोप गेल्यावर ते लक्षात आलं.

खरं म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त नाव एक आहे. ‘आजचा दर’ मालावरून ठरतो, तो माल टेबलात. ‘लावलेला दर’ त्या ऑर्डरीतल्या त्या मालावरून ठरतो, तो ओळींमध्ये. नवी ओळ घालताना आजचा दर बघून लावलेल्या दरात आकडा टाइप करा, `XLOOKUP` ठेवू नका. फॉर्म्युला राहिला तर दर बदलला की जुनी बिलंही बदलतील.

इशारा. ओळींना १, २, ३, ४, ५ असा अनुक्रमांक देऊन ‘आता की एकाच कॉलमची, म्हणजे दुसरा नॉर्मल फॉर्म आपोआप झाला’ असं समजू नका. (ऑर्डर क्र., माल कोड) ही जोडी अजूनही ओळ नेमकी ओळखते, म्हणून तारीख अजूनही तिच्या अर्ध्या भागावरच लटकलेली आहे. अनुक्रमांक सोयीसाठी जरूर ठेवा, पण परीक्षा त्या जोडीवरच घ्या.

तपासणी. ऑर्डर टेबलात ३ ओळी आणि डि. ची बेरीज १६०. मघाचा २८० गेला.

## टप्पा ३: तिसरा नॉर्मल फॉर्म, म्हणजे मध्यस्थाच्या मार्फत ठरणारं काढा

आता ऑर्डर टेबल बघा. की एकाच कॉलमची आहे, तरी फोन तिथे शोभत नाही. ऑर्डरीवरून ग्राहक कळतो आणि ग्राहकावरून फोन. देशपांडे काकूंनी नंबर बदलला तर दोन ओळी बदलाव्या लागतील, आणि एक राहिली तर दोन नंबर तयार. डिलिव्हरी चार्जचंही तसंच: ऑर्डरीवरून विभाग, विभागावरून चार्ज. अशा दोन साखळ्या आहेत, म्हणून दोन नवी टेबलं निघतात.

ग्राहक टेबलाची की नाव किंवा फोन ठेवू नका. एका आडनावाचे दोन ग्राहक असतात, सासू-सुनेचा फोन एक असतो, आणि नंबर बदलतो. G01, G02 असे स्वतःचे कोड द्या. नावावर जोडलेली टेबलं परत जोडताना ‘देशपांडे’ दोन असले की ऑर्डरी दुप्पट होतात.

विभाग टेबलात चार्ज हलवताना पुन्हा तोच प्रश्न विचारा. या घरात चार्ज सगळ्या हंगामात एकच असतो आणि शीट एका हंगामाची आहे, म्हणून तो हलवला. कुणाला ‘जाऊ द्या, डिलिव्हरी फुकट’ म्हणत असतील, तर ‘घेतलेला चार्ज’ ऑर्डरीतच ठेवावा लागेल, दराप्रमाणेच. आणि विभाग पिनकोडवरून ठरतो असंही धरू नका. एका पिनखाली अनेक वस्त्या येतात, आणि तुमचे विभाग पोस्टाने नाही, डबे पोचवणाऱ्याने पाडलेले असतात.

‘एकूण’ कॉलम जातो. तो नग, दर आणि चार्ज यांवरून निघतो, साठवला तर कधीतरी त्यांच्याशी भांडणार. ‘पैसे आले’ मात्र राहतं, ते कशावरूनही काढता येत नाही. आगाऊ आणि बाकी असे दोन वेळा पैसे येत असतील, तर जमेचं वेगळं टेबल करा.

```
Grahak : ग्राहक कोड*, नाव, फोन
Vibhag : विभाग*, चार्ज
Maal   : माल कोड*, नाव, वजन, आजचा दर
Order  : ऑर्डर क्र.*, तारीख, ग्राहक कोड, विभाग, पत्ता, पैसे आले
Oli    : ऑर्डर क्र.*, माल कोड*, नग, लावलेला दर, टीप
```

तारांकित कॉलम म्हणजे की. पत्ता ऑर्डरीत आहे, कारण डबा कुठे गेला ही त्या ऑर्डरीची गोष्ट आहे.

## टप्पा ४: परत जोडून बघा

पहिली तपासणी अनाथ ओळींची. Oli मध्ये एक कॉलम घालून हे ओढा. कुठेही ० आला, तर तो कोड माल टेबलात नाही. असंच ऑर्डर क्रमांक, ग्राहक कोड आणि विभागासाठीही करा.

```
=COUNTIF(Maal!A:A,B2)
```

दुसरी बेरजांची. मालाची रक्कम अशी निघते आणि ती २०२० यायला हवी:

```
=SUMPRODUCT(Oli!C2:C6,Oli!D2:D6)
```

Order मध्ये विभागावरून `XLOOKUP` ने चार्ज आणला की बेरीज १६०. दोन्ही मिळून २१८०, कागदावर लिहिलेलाच आकडा. फक्त शेवटच्या बेरजेवर समाधान मानू नका. प्रत्येक ऑर्डरीची रक्कम `SUMIFS` आणि `XLOOKUP` ने काढून जुन्या ‘एकूण’शेजारी ठेवा आणि वजाबाकी बघा. दोन ऑर्डरींमधल्या उलटसुलट चुका एकमेकींना झाकू शकतात. फरक निघाला आणि तो मूळ शीटमधल्याच चुकीच्या बेरजेचा असेल, तर तसं नोंदवून ठेवा. नवी टेबलं जुन्या चुकीशी जुळवून घेऊ नका.

यापुढे नवी ऑर्डर घालण्याचा क्रमही ठरलेला: ग्राहक नवा असेल तर आधी Grahak, मग Order ची एक ओळ, मग Oli. Oli मधला माल कोड आणि Order मधला ग्राहक कोड व विभाग यांना डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा आणि यादीबाहेरचं नाकारायला सांगा. नुसती सूचना दाखवणारा पर्याय ठेवला, तर घाईच्या दिवशी कुणीतरी ‘चकल्या’ लिहून पुढे जातं.